जरा खाली सरकलेलं बटण

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर तिरकं असलं तरी हिच्या पोटात दुखणार, हॉटेलच्या मेनूकार्डावर एक ओळ बाकीच्यांपेक्षा पुढे आलेली असली तर ही आधी ती ओळ दाखवणार आणि मग चहा सांगणार. लग्न ठरवायला पाहुणे आले होते तेव्हा हिने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि पाहुण्यांच्या डोक्यावरचा फोटो सरळ करून मगच बसली. सासूबाईंनी त्याच वेळी ठरवलं होतं की मुलगी आपल्याच जातकुळीची आहे. म्हणजे रागाच्या बाबतीत. कारण वाकडं दिसलं की जिला राहवत नाही, ती कुणी वाकडं वागलं तर काय करील, हे सासूबाईंना चांगलं ठाऊक होतं. त्या स्वतः खालच्या मजल्यावरच्या बाईंशी गेली कित्येक वर्षं बोलत नव्हत्या. कारण ओल्या चादरीतून ठिबकलेलं पाणी. चादर फाटून तिची फडकी झाली, फडकीही विरली, पण अबोला अजून कोरा करकरीत होता.

मोजपट्टीचं काम वेबसाइटच्या दर्शनी भागाचं. तिच्या ऑफिसात लोक येत, आपल्या दवाखान्याची, दुकानाची, शाळेची साइट बनवून घेत. कुठला मजकूर कुठे बसेल, किती जागा सुटेल, फोनवर कसं दिसेल, हे नियम ती लिहायची. आणि चांगलं लिहायची. हे मी म्हणत नाही, तिच्या हाताखालून गेलेली पानं म्हणायची.

तिच्या वर होते जरासाहेब. या गृहस्थाच्या प्रत्येक वाक्यात 'जरा' असे. "जरा इकडे ये." "जरा बघून घे." "हे जरा वर, ते जरा खाली." बोलणं गोड, चेहरा हसरा, शर्ट कायम इस्त्रीचा. आणि हाताला एक वाईट सवय. दुसऱ्याच्या कामावर तो हात असा अलगद पडायचा की काम कधी त्यांचं झालं ते कळायचंसुद्धा नाही. मोजपट्टीने दोष शोधावा, जरासाहेबांनी तिच्या खांद्यामागे उभं राहून "अच्छा, असं होय" म्हणावं, आणि अर्ध्या तासाने मालकांच्या केबिनमधून त्यांचा आवाज यावा, "मी जरा खोलात शिरलो तेव्हा सापडलं." हे एकदा नाही, अनेकदा झालं. ती मूग गिळून बसली. पण गिळलेले मूग पोटात मोड आणत होते.

मग ते लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंचं प्रकरण झालं.

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची साइट मोजपट्टीनेच बनवली होती. आईबापांनी तारीख निवडायची, मुलाचं नाव लिहायचं, आणि खालचं 'वेळ पक्की करा' हे बटण दाबायचं. बरेच महिने सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला, लोकांना बटण दाबता येत नाहीये म्हणून. ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर बघितलं तर बटण फक्त थोडं खाली बसल्यासारखं वाटत होतं. पण फोनवर उघडलं की ज्या चौकटीत ते होतं, त्या कार्डाच्या खालच्या कडेने ते कापलं जायचं. अक्षरं गायब, वर नुसती हिरवी कड. ती दाबायची हे आईबापांना कळणार कसं?

जरासाहेबांनी सगळ्यांसमोर, कोड न उघडता, निकाल दिला. "मार्जिनं चुकलीयेत. मोजपट्टीचीच मोजमापं चुकली की काय म्हणायचं आता!" लोक हसले. तीही हसली, कारण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. संध्याकाळपर्यंत तिला त्या कामावरून काढलं, फाइली सर्व्हरवर चढवायची तिची परवानगी जरासाहेबांनी स्वतः बंद केली, आणि तिला जुन्या साइटींवरचे फोटो बदलायला बसवलं. नव्या टीमप्रमुखाचं नाव मालक त्याच महिन्यात जाहीर करणार होते, आणि ते तिचं असणार हे चहावाल्यालाही माहीत होतं. आता ते कुणीच बोलेना.

अपमान झाला की काही माणसं रडतात, काही भांडतात. मोजपट्टी खाली मान घालून फोटो बदलत बसली. घरी सासूबाईंनी विचारलं, "काय गं, आज भाजीत मीठ नाही आणि चेहऱ्यावरही नाही?" तिने सगळं सांगितलं. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, स्वभावाने थंड. तो म्हणाला, "सोडून दे." सासूबाई म्हणाल्या, "अजिबात सोडू नकोस." आणि पोळी लाटायला घेतली. सुनेने त्या दिवशी नवऱ्याचं नाही, सासूचं ऐकलं.

नवी टीम बटणाच्या मागे लागली. मार्जिन, म्हणजे बटणाभोवती सोडलेली मोकळी जागा, कमी करून बघितलं. बटण वर सरकलं खरं, पण कार्डही तेवढंच आखूड झालं आणि बटण पुन्हा कापलेलंच राहिलं. मार्जिन वाढवलं, कमी केलं, पुन्हा पहिल्यासारखं केलं. जरासाहेब मागे उभे राहून "जरा अजून कमी कर" म्हणत होते. पलीकडच्या टेबलावरून मोजपट्टी हे ऐकत होती आणि एका दुकानाच्या साइटवर पंख्यांचे फोटो बदलत होती.

आता एक गोष्ट सांगायला हवी. साइट बदलायची परवानगी काढून घेता येते, पण साइट बघायची नाही. कुठलंही पान ब्राउझरमध्ये उघडावं, राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' म्हणावं, की त्याचं सगळं अंतरंग बाजूला उघडतं. त्याला किल्ली लागत नाही. मोजपट्टीने जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सरकवला आणि डॉक्टरीणबाईंचं पान उघडलं.

पडदा फोनच्या मापाचा केला आणि बटणावर क्लिक केलं. प्रत्येक वस्तू म्हणजे ब्राउझरच्या लेखी एक डबा असतो, आणि त्या डब्याचं चित्र 'कम्प्युटेड' नावाच्या भागात काढून दाखवलेलं असतं. मधे निळा मजकूर, त्याभोवती हिरवं पॅडिंग, मग पिवळसर बॉर्डर, सगळ्यांत बाहेर नारिंगी मार्जिन, प्रत्येकावर आकडा. तिने आधी मार्जिन वाचलं. वर सोळा. जेवढं तिने लिहिलं होतं तेवढंच, एका पिक्सेलचाही फरक नाही.

तिच्या मनाला जो थंडावा वाटला त्याला तोड नव्हती. आपलं मोजमाप बरोबर आहे हे तिला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि ब्राउझरने साक्ष देणं वेगळं.

मग बटण खाली जातंय कशाने? पॅडिंग ठीक. बॉर्डर ठीक. 'टॉप'ने सरकवलंय म्हणावं, तर 'पोझिशन'समोर 'स्टॅटिक' लिहिलं होतं, आणि स्टॅटिक डब्याला टॉप-बॉटम लागूच होत नाहीत. डब्याच्या चित्राप्रमाणे बटण जिथे असायला हवं तिथेच होतं. आणि डोळ्यांना ते खाली दिसत होतं. म्हणजे जागा एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे. असं करणारी एक गोष्ट तिला माहीत होती. ट्रान्सफॉर्म. तो डब्याची जागा बदलत नाही, शेजाऱ्यांना धक्का लावत नाही, फक्त वस्तू उचलून दुसरीकडे दाखवतो. डब्याच्या चित्रात त्याचा मागमूस नसतो. म्हणूनच मार्जिनशी कितीही झटापट केली तरी पोरांच्या हाती काही लागत नव्हतं.

तिने वरच्या शोधपट्टीत 'ट्रान्सफॉर्म' टाइप केलं. समोर 'मॅट्रिक्स' आणि कंसात सहा आकडे. शेवटचे दोन म्हणजे आडवं आणि उभं सरकणं. आडवं शून्य. उभं चाळीस.

तिने शेजारचा छोटा बाण दाबला. या बाणाचं काम एकच, हा आकडा कोणत्या नियमाने ठरला त्याचं नाव सांगायचं. दोन नियम खाली उघडले. खालचा तिचा होता, 'ट्रान्सफॉर्म: नन', म्हणजे काही हलवू नको, आणि त्यावर आडवी रेघ मारलेली, म्हणजे हरलेला. वरचा जिंकलेला, शेपटीला 'इम्पॉर्टंट' लावून इतरांचं तोंड बंद केलेला. त्याच्यापुढे फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर. आणि नियमाला दिलेलं नाव इंग्रजी अक्षरांत असं होतं: जरा-खाली.

मोजपट्टी हसली. एकटीच, डबा समोर ठेवून, भाजी गार होईपर्यंत हसत राहिली.

झालं होतं असं. कुण्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या पानावरचं बटण जरा खाली हवं होतं. जरासाहेबांनी स्वतःच्या हाताने घाईत हा नियम ठोकला, अमुक चौकटीतलं कुठलंही बटण चाळीस पिक्सेल खाली. पुढे डॉक्टरीणबाईंच्या पानाला नवं कार्ड लागलं तेव्हा तीच चौकट त्यांनी उचलून इथे चिकटवली, नावासकट, नियमाच्या फाइलीसकट. आणि बोट दाखवलं तिच्याकडे.

आता काय करायचं? भल्या माणसाने तिथल्या तिथे उठून सांगितलं असतं. पण भल्या माणसासारखं सांगून काय होतं ते तिने पाहिलं होतं. जरासाहेबांनी "अच्छा, असं होय" म्हटलं असतं, ती ओळ गुपचूप खोडली असती, आणि मालकांना सांगितलं असतं की मी जरा खोलात शिरलो. नाव त्यांचं, बट्टा तिचा, जन्माचा. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई स्वतः ऑफिसात येणार होत्या. मालक असणार, सगळी टीम असणार. तिला ते सगळे डोळे हवे होते. तिने पान बंद केलं, भाजी संपवली आणि पंख्यांकडे वळली.

ते दोन दिवस ती मजेत होती. घरी गुणगुणायला लागली. सासूबाईंनी एकदाच बघितलं आणि ओळखलं. "सापडला वाटतं?" "सापडला, आई." "मग सांभाळून ठेव. घाईत वाया घालवू नकोस." काय सापडलं, कुठे सापडलं, त्यांनी विचारलंही नाही.

बैठकीच्या सकाळी तिने डॉक्टरीणबाईंचं पान पुन्हा उघडलं. नियमाच्या ओळीपुढे एक छोटी खूण असते, ती काढली की तो नियम तात्पुरता बंद होतो. तिने खूण काढली. बटण टुणकन वर येऊन आपल्या जागी बसलं, सगळी अक्षरं स्वच्छ. मग तिने बाजूचा भाग मिटवला. आता पडद्यावर नुसतं पान होतं, वर पत्ता खऱ्याखुऱ्या साइटचा. हा बदल फक्त तिच्या ब्राउझरमध्ये आहे, पान पुन्हा लोड केलं की पुसला जाईल, हे बघणाऱ्याला कळायला काही वाव नव्हता. तशीच ती पाणी आणायला उठली, आणि मुद्दाम हळू चालली.

परत आली तर जरासाहेब तिच्या टेबलाजवळ वाकलेले. डोळे चमकत होते.

"हे जागेवर आलं की गं!"

"हो, दिसतंय खरं."

"कशाने झालं? मार्जिनच होतं ना?"

"तुम्ही म्हणाला होतात तसं," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. ते तसंच म्हणाले होते.

"आता जरा कुणाला बोलू नकोस. मी बघतो." आणि ते तरातरा बैठकीच्या खोलीकडे गेले. तुला परवानगी नसताना हे वर चढलं कसं, एवढा एक प्रश्न त्यांनी विचारला असता तर वाचले असते. पण आयतं ताट समोर आलं की हा माणूस स्वयंपाक कुणी केला ते विचारत नसे.

थोड्या वेळाने सगळ्यांना आत बोलावलं. डॉक्टरीणबाई बसल्या होत्या, थकलेल्या, मांडीवर पिशवी. शेजारी मालक. जरासाहेब उभे राहिले आणि असे सुटले की विचारू नका. मी स्वतः जरा लक्ष घातलं. जुन्या मार्जिनांचा घोळ होता. ज्यांनी ते लिहिलं त्यांच्याकडून जरा हलगर्जीपणा झाला, नाव घेत नाही. हे म्हणताना नजर मात्र नेमकी मोजपट्टीवर. "पण आता साइट एकदम ठीक आहे. मॅडम, तुम्ही स्वतःच बघा ना तुमच्या फोनवर."

डॉक्टरीणबाईंनी फोन काढला. बघितला. "नाही हो. तसंच आहे."

"जरा रिफ्रेश करा."

"केलं. तसंच."

मालकांनी स्वतःच्या फोनवर बघितलं. तिथेही नुसती हिरवी कड. जरासाहेबांच्या कपाळावर घाम आला. "मी आत्ता डोळ्यांनी पाहिलं! हिच्या मशीनवर!" ते बाहेर धावले, मागे सगळे. तिच्या पडद्यावर बटण अजून दिमाखात जागेवर होतं. "हे बघा!" ते ओरडले, आणि खात्री पटवायला स्वतःच्याच हाताने पान रिफ्रेश केलं. बटण सगळ्यांच्या देखत चाळीस पिक्सेल खाली जाऊन बसलं.

कुणीतरी फिसकन हसलं.

"हे बदल तिने वर चढवले नव्हते का?" मालकांनी विचारलं.

"मी कसे चढवणार?" मोजपट्टी म्हणाली, साखरेच्या आवाजात. "माझी परवानगी साहेबांनीच काढून घेतलीये."

मग तिने खुर्ची ओढली आणि सगळं उलगडून दाखवलं, सावकाश, एकेक घास चावून खाल्ल्यासारखं. हा डबा. हे माझं मार्जिन, सोळाच्या सोळा. हे पॅडिंग. ही पोझिशन. बटणाची जागा बरोबर आहे, कुणीतरी त्याला जागेवरून उचललंय. हा मॅट्रिक्स, हा चाळीस. आणि बाण दाबला तर हा नियम. तिने नाव मोठ्याने वाचलं, थांबून थांबून. "जरा. खाली."

ऑफिसात एकच हशा पिकला. चहावाला हसला, हिशेब बघणाऱ्या काकू हसल्या, मालकांनी तोंडावर हात धरला. जरासाहेब उभे होते त्या जागी एवढेसे झाले. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण पहिलाच शब्द 'जरा' निघाला आणि हसण्याची दुसरी लाट आली. ते जाऊन आपल्या खुर्चीत बसले आणि बंद असलेल्या पडद्याकडे बघत राहिले. मोजपट्टीने तो चेहरा डोळे भरून पाहिला. एवढं गोड तिने आयुष्यात काही चाखलं नव्हतं.

फक्त डॉक्टरीणबाई हसल्या नव्हत्या.

"तुम्हाला हे कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

मोजपट्टी अजून त्याच तोऱ्यात होती. "परवा. जेवणाच्या सुट्टीत."

"परवा." त्यांनी फोन पिशवीत ठेवला. "काल एक आजी नातवाला घेऊन आल्या. बाळ तापाने फणफणलेलं. दोन दिवस त्या फोनवर वेळ घ्यायला बघत होत्या, बटण दिसेना, म्हणून शेवटी तशाच आल्या आणि सकाळपासून रांगेच्या शेवटी बसून राहिल्या. मी त्यांच्यापर्यंत पोचले तेव्हा मूल डोळे उघडत नव्हतं. मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं." त्यांनी जरासाहेबांच्या खुर्चीकडे बोट केलं. "यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

डॉक्टरीणबाई मालकांना म्हणाल्या, "दुरुस्ती आत्ता माझ्यासमोर करून द्या. या दोघांनी हात नाही लावायचा." टीममधल्या सगळ्यांत नव्या मुलीने ती ओळ खोडली आणि वर चढवली. डॉक्टरीणबाईंनी आपल्या फोनवर बटण दाबून बघितलं आणि निघून गेल्या. टीमप्रमुखाची गोष्ट मालकांनी काढली नाही. मोजपट्टीच्या टेबलाजवळून जाताना ते नुसते थांबल्यासारखे झाले आणि पुढे गेले.

घरी सासूबाई दारातच होत्या. "काय झालं? सांग लवकर." तिने सांगितलं. टुणकन वर आलेलं बटण, पाणी आणायला मुद्दाम हळू जाणं, साहेबांनी स्वतःच्या हाताने केलेला रिफ्रेश. सासूबाई मांडीवर थाप मारून हसल्या, डोळ्यांतून पाणी आलं, म्हणाल्या, "शाब्बास! अस्संच पाहिजे मेल्याला!" हसता हसता तीही हसली. मग पुढचंही सांगितलं, कारण सांगितल्याशिवाय राहवेना.

सासूबाईंचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"बाळ बरं आहे ना गं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी विचारलंच नाही."